ऊसफडातील गांडुळांचा अभ्यास: नमुना-निवडीवर समीक्षकांनी घेतलेल्या शंका आणि उत्तरपत्राचा मसुदा

खानापूरची_माती (धागाकर्ती)

नमस्कार. मी मृदाप्राणीशास्त्रात संशोधन करते. निपाणी आणि चिकोडी तालुक्यांत, वेदगंगा आणि दूधगंगेच्या काठच्या गावांत, उसाचे पाचट शेतात ठेवल्यास आणि पेटवल्यास गांडुळांच्या संख्येत काय फरक पडतो, हा माझ्या निबंधाचा विषय आहे. निबंध दोन समीक्षकांकडून परत आला असून दोघांच्याही शंका निष्कर्षावर नव्हे, तर नमुना-निवडीवर आहेत. उत्तरपत्र तीन आठवड्यांत द्यायचे आहे. येथे आकडेशास्त्र जाणणारे आणि प्रत्यक्ष ऊस करणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक आहेत, म्हणून मसुदा आपल्यासमोर ठेवते.

आधी काम कसे केले ते सांगते. एकूण 12 फड निवडले, त्यांपैकी 6 फडांत पाचट ठेवलेले होते आणि 6 फडांत पेटवलेले. सगळे फड पहिल्या खोडव्याचे होते, कारण नव्या लागणीत नांगरट ताजी असते आणि तिचाच परिणाम मोजला गेला असता. प्रत्येक फडात बांधापासून 10 मीटर आत जाऊन एका सरळ रेषेत, 5 मीटर अंतराने, 25 गुणिले 25 सेंटिमीटरचे आणि 30 सेंटिमीटर खोलीचे 5 ठोकळे काढले. माती ताडपत्रीवर पसरून हाताने निवडली. असे एकूण 60 ठोकळे झाले. हे सर्व सप्टेंबरच्या अखेरीस, पाऊस ओसरताना केले.

पहिल्या समीक्षकांचा मुद्दा असा: «लेखिकेने 60 ठोकळे ही 60 स्वतंत्र निरीक्षणे धरली आहेत. पाचट ठेवण्याचा किंवा पेटवण्याचा निर्णय मात्र फडाला लागू होतो, ठोकळ्याला नाही.»

माझे मसुद्यातील उत्तर: «ठोकळे एकमेकांपासून 5 मीटर अंतरावर आहेत. उष्ण प्रदेशातील मातीच्या अभ्यासासाठी रूढ असलेल्या टी.एस.बी.एफ. पद्धतीतही हेच अंतर सांगितले आहे. त्यामुळे ते स्वतंत्र मानणे योग्य आहे.»

दुसऱ्या समीक्षकांचा मुद्दा: «फड यादृच्छिक पद्धतीने निवडलेले दिसत नाहीत. पाचट ठेवणारे शेतकरी आणि पेटवणारे शेतकरी यांच्या जमिनी मुळातच वेगळ्या नसतील, हे कशावरून?»

याला माझे उत्तर अजून लिहून झालेले नाही. त्यांचा आणखी एक लहान मुद्दा आहे की, एकाच ऋतूत आणि 30 सेंटिमीटरपर्यंतच खोदल्याने खोल जाणाऱ्या जाती सुटल्या असतील.

शिवारसेवक

ताई, मी कृषी खात्यात काम केलेले आहे. माझ्या मते समीक्षकांची शंका अगदी सहज दूर करता येईल. माती परीक्षणासाठी आम्ही नागमोडी चालत 10 ते 15 ठिकाणांहून इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे घेऊन माती काढतो, ती सगळी एकत्र मिसळतो, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून देतो आणि शेवटी अर्धा किलो नमुना प्रयोगशाळेत पाठवतो. तुम्हीही पाचही ठोकळ्यांची माती एकत्र केली असती, तर एका फडाचा एकच प्रातिनिधिक नमुना झाला असता आणि प्रश्नच उरला नसता.

खानापूरची_माती

शिवारसेवक सर, सेंद्रिय कर्बासाठी आम्ही तसाच मिश्र नमुना घेतला आहे आणि त्यावर कोणी शंका घेतलेली नाही. गांडुळांच्या बाबतीत मात्र मिसळणे सोयीचे नाही. एका फडातले पाच ठोकळे आपापसांत किती वेगळे आहेत, हीच माहिती समीक्षकांना उत्तर देताना लागते. एका ठोकळ्यात 2 आणि शेजारच्यात 19 गांडुळे निघाली, तर ती नुसती गोळाबेरीज करून लपवता कामा नये.

वेळूची_बेटे

मी पदव्युत्तर शिक्षण घेतो आहे आणि याच प्रकारच्या अडचणीतून नुकताच गेलो आहे. याला आभासी पुनरावृत्ती म्हणतात आणि हर्लबर्ट यांच्या 1984 च्या लेखापासून परिसरशास्त्रात तिची दखल घेतली जाते. उपाय सोपा आहे. मिक्स्ड मॉडेल लावा, फड हा रँडम परिणाम म्हणून घाला आणि गांडुळांची मोजणी विखुरलेली असल्याने निगेटिव्ह बायनॉमिअल वापरा:

```
glmer.nb(gandul ~ pachat + (1 | fad), data = d)
```

एवढे केले की दोन्ही समीक्षकांचे समाधान होईल. पुढच्या वेळी ठोकळ्यांतील अंतर 5 ऐवजी 20 मीटर ठेवा, म्हणजे ते खरोखर स्वतंत्र होतील.

आकडेमोड

मी बेळगावात अनेक वर्षे संख्याशास्त्र शिकवले असून आता निवृत्त आहे. वेळूची_बेटे यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे आणि उरलेले अर्धे या पत्रात गेले तर नुकसान होईल, म्हणून सविस्तर लिहितो.

अंतर वाढवून हा प्रश्न सुटत नाही. ठोकळे 50 मीटरवर असले तरी त्या फडाचे पाचट एकाच माणसाने, एकाच दिवशी पेटवलेले असते. त्या फडाला पाणी किती वेळा दिले, शेणखत कधी घातले, मागच्या वर्षी कोणते पीक होते, हे सगळे पाचही ठोकळ्यांना समान आहे. उपचार ज्याला मिळाला तेच एकक मोजायचे, आणि येथे उपचार फडाला मिळाला आहे. म्हणून तुमच्याजवळ 60 नव्हे, 12 एकके आहेत, एका बाजूला 6 आणि दुसऱ्या बाजूला 6. टी.एस.बी.एफ. पद्धतीतील 5 मीटर अंतर एका जागेचे वर्णन करण्यासाठी आहे. दोन प्रकारच्या जागांची तुलना करण्याची परवानगी ते अंतर देत नाही. त्यामुळे मसुद्यातले पहिले उत्तर काढून टाकावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ते वाचून समीक्षकांना वाटेल की, प्रश्न समजलाच नाही.

नुकसान किती होते याचा अंदाज येण्यासाठी एक साधे गणित करा. फडाफडांतला फरक हा एकूण फरकाचा किती हिस्सा आहे, ते आधी काढा. समजा तो 0.4 आला. प्रत्येक फडात 5 ठोकळे आहेत, तेव्हा 1 + (5 − 1) × 0.4 = 2.6. साठाला 2.6 ने भागले की सुमारे 23 येतात, म्हणजे तुमच्या 60 ठोकळ्यांत साधारण 23 स्वतंत्र ठोकळ्यांइतकीच माहिती आहे. पण तुलनेसाठी स्वातंत्र्यांश मोजताना हे 23 सुद्धा वापरायचे नाहीत. तेथे 12 फडांतून दोन गट वजा करून 10 हाच आकडा राहतो.

मिक्स्ड मॉडेलबद्दल सांगायचे तर, ते चुकीचे नाही. मात्र फड केवळ 12 असताना त्या मॉडेलने दिलेली झेड-चाचणी बऱ्याचदा वाजवीपेक्षा लहान पी-मूल्य दाखवते. प्रत्येक फडात ठोकळे सारखेच असल्याने फडाची सरासरी काढून, 6 विरुद्ध 6 अशी टी-चाचणी करणे अधिक सुरक्षित आहे आणि समीक्षकांना ती हाताने पडताळताही येते. मॉडेल सोबत जोडा, पण भार सरासरीवर ठेवा.

आपल्या 12 फडांच्या सरासऱ्या येथे देता येतील का?

खानापूरची_माती

सर, आभारी आहे. 5 मीटरच्या आड लपण्याचा माझा प्रयत्न होता, हे मला आता दिसते. दर ठोकळ्यामागे गांडुळांची सरासरी, पूर्णांकात, अशी आहे.

पाचट ठेवलेले फड: 14, 9, 11, 5, 16, 8.
पेटवलेले फड: 6, 3, 8, 4, 7, 2.

गटांची सरासरी 10.5 आणि 5.0 येते. ठोकळा चौरस मीटरचा सोळावा हिस्सा असल्याने ती चौरस मीटरला 168 आणि 80 होते. 60 ठोकळ्यांच्या हिशोबाने माझे पी-मूल्य 0.001 पेक्षाही लहान होते.

आकडेमोड

फडांच्या सरासऱ्यांवर फरक 5.5 आणि त्याची प्रमाणत्रुटी सुमारे 1.9 येते. टी 2.9 च्या आसपास आणि पी-मूल्य सुमारे 0.02. फरकाचा 95 टक्के विश्वास-अंतराल ठोकळ्यामागे साधारण 1.2 ते 9.8, म्हणजे चौरस मीटरला 20 ते 156 गांडुळे. निष्कर्ष टिकला आहे, पण तो किती सैल आहे ते अंतरालाच्या रुंदीत दिसते. पत्रात पी-मूल्याआधी हा अंतराल लिहा.

आता दुसऱ्या समीक्षकांकडे वळतो, कारण तो मुद्दा अधिक गंभीर आहे. मिक्स्ड मॉडेल असो वा टी-चाचणी, फड कसे निवडले गेले याचे उत्तर त्यांपैकी कोणातूनही मिळत नाही. आपण फड कसे निवडलेत?

खानापूरची_माती

ओळखीतून, हे खरे उत्तर आहे. गावोगावी विचारत गेलो. एकूण 19 शेतकऱ्यांना विचारले आणि 7 जणांनी नकार दिला. त्यांपैकी 5 जण पाचट पेटवणारे होते. आपल्यावर कोणी तक्रार करील, अशी भीती त्यांना वाटली असावी.

वेदगंगेचा_फड

मी निपाणी तालुक्यातला ऊस करणारा आहे. इंग्रजी पत्रात काय लिहायचे ते मला समजत नाही, परंतु पाचट कोण ठेवतो हे मला नक्की ठाऊक आहे, म्हणून बोलतो.

पाचट ठेवायचे तर ते कुजायला पाणी लागते. ज्याची जमीन मळीची, नदीच्या कडेला, मोटार हाताशी, तो पाचट सरीत दाबतो आणि पाणी सोडतो. माळावरच्या माणसाला आठ-दहा दिवसांनी एकदा पाणी मिळते. तेथे पाचट वाळलेलेच राहते, भर उन्हात एखादी ठिणगी पडली की खोडव्यासकट जळते, त्यापेक्षा तोडणी झाल्यावर आपणच पेटवलेले बरे, असे तो म्हणतो. आळसामुळे कोणी पेटवत नाही. तेव्हा तुमच्या पाचटाच्या फडांत मळीचे फड जास्त निघाले, तर नवल मानू नका.

माझ्याच फडाचे सांगतो. पाचट ठेवायला लागल्यापासून गांडुळे दिसतात हे खरे, पण बांधावरच्या कडुलिंबाकडच्या चार सऱ्यांत हुमणीही फार निघाली. वळवाचा पाऊस झाला की तिचे भुंगेरे संध्याकाळी कडुलिंबावर आणि बाभळीवर जमतात आणि जवळच्या मातीत अंडी घालतात. पाचटामुळे हुमणी वाढते की काय, हे कोणी मोजले आहे का?

खानापूरची_माती

काका, तुम्ही पाण्याबद्दल जे सांगितले ते माझ्या नोंदवहीतल्या नोंदींशी जुळते. ठोकळे काढायच्या दिवशी प्रत्येक मालकाने जमीन मळीची की माळाची हे सांगितले होते आणि मी गिरमिटाने मातीची खोलीही मोजली होती. त्यांचा उपयोग मी निबंधात केला नव्हता. आता मांडून पाहिले. पाचट ठेवलेल्या 6 पैकी 4 फड मळीचे आहेत (14, 11, 16, 9) आणि 2 माळाचे (5, 8). पेटवलेल्या 6 पैकी 2 मळीचे (8, 7) आणि 4 माळाचे (6, 3, 4, 2).

हुमणीच्या अळ्या आम्ही वेगळ्या मोजल्या आहेत. मात्र बांधापासून 10 मीटर आत गेल्यामुळे झाडाजवळच्या सऱ्या बहुतेक सुटल्या असाव्यात, म्हणून तुमच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या नमुन्यातून देता येणार नाही.

आकडेमोड

वेदगंगेचा_फड यांचे मनःपूर्वक आभार. दुसऱ्या समीक्षकांची शंका त्यांनी कारणासह मांडली आहे.

एक प्रश्न आधी विचारतो, कारण समीक्षकही तोच विचारतील. मळी आणि माळ ही विभागणी गांडुळे मोजण्याआधी नोंदवहीत होती, की आकडे पाहून केली?

खानापूरची_माती

आधीची आहे. नोंदवहीच्या पानावर तारखेसह आहे आणि मोजणी दुसऱ्या दिवशी झाली.

आकडेमोड

मग ती पाने परिशिष्टात जोडा. आता हिशोब पाहू. मळीच्या जमिनीत पाचटाची सरासरी 12.5, पेटवलेल्याची 7.5, फरक 5. माळावर 6.5 आणि 3.75, फरक 2.75. दोन्ही पट्ट्यांत पाचटाची बाजू जड आहे, ही चांगली गोष्ट आहे. दोन्ही पट्टे हिशोबात घेऊन एकत्रित फरक सुमारे 3.9 येतो, चौरस मीटरला 62. आधी तो 88 होता. म्हणजे तुमच्या मूळ फरकातला सुमारे तीन दशांश भाग पाचटाचा नसून जमिनीचा होता. विश्वास-अंतराल साधारण 12 ते 112 गांडुळे. समीक्षकांची शंका रास्त होती आणि तरीही निष्कर्षाची दिशा टिकते, असे दोन्ही एकाच परिच्छेदात लिहा.

माळावरचा परिणाम मळीपेक्षा कमी आहे, असे मात्र लिहू नका. माळावर पाचटाचे फड दोनच आहेत. दोन फडांवरून तशी तुलना करणे योग्य नाही.

वेळूची_बेटे

सर, मळी आणि माळ हा पट्टा मॉडेलमध्ये घातला, तर जमिनीचा प्रश्न पूर्णपणे मिटला, असे म्हणता येईल ना? अंतराचे आणि मॉडेलचे माझे म्हणणे मी मागे घेतो.

आकडेमोड

मिटला नाही. मळीची जमीन म्हणजे खोल माती, जास्त पाणी आणि पुराचा गाळ, असे तिन्ही एकत्र आहे. 2019 च्या ऑगस्टमधील महापुरात यांपैकी काही फड पाण्याखाली होते की नाही, यावरही गांडुळांची संख्या अवलंबून असू शकते. पट्ट्यामुळे जेवढे दिसते तेवढेच बाजूला काढता येते. न मोजलेल्या गोष्टींसाठी यादृच्छिक वाटप लागते. कोणाच्या फडात पाचट पेटवायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवणे या अभ्यासात शक्य नव्हते, आणि पत्रात ते सरळ लिहावे.

नकार देणाऱ्या 7 जणांचाही उल्लेख करा. पेटवणाऱ्यांपैकी जे तयार झाले ते कदाचित जमिनीची अधिक काळजी घेणारे असतील, आणि तसे असेल तर खरा फरक तुम्हाला दिसला त्यापेक्षा मोठा असेल. उलटही असू शकते. दिशा सांगता येत नाही, एवढेच लिहावे.

शिवारसेवक

मी सुरुवातीला प्रश्न माती परीक्षणाचा समजलो होतो, तो गैरसमज आता दूर झाला. एक विचारतो. फडात रेषा कोणत्या बाजूने सुरू केली? पाणी ज्या तोंडाने येते तेथे ओल जास्त असते. पाचटाच्या फडांत तुम्ही पाण्याच्या तोंडाकडून आणि पेटवलेल्यात शेपटाकडून गेला असाल, तर तोही फरक मोजला जाईल.

खानापूरची_माती

सर, ही शंका फार उपयोगी आहे. रेषा सर्वत्र गाडीरस्त्याच्या बाजूने सुरू केली होती, पाण्याचे तोंड पाहून नव्हे. 12 पैकी 9 फडांत तोंड कोणत्या बाजूला होते ते माझ्या नकाशावर आहे, उरलेल्या तिघांसाठी पुन्हा जाऊन पाहीन.

30 सेंटिमीटरच्या मुद्द्यावर मी फक्त एवढेच लिहिणार आहे की, निष्कर्ष पावसाच्या अखेरच्या काळापुरता आणि वरच्या 30 सेंटिमीटरपुरता आहे, आणि शीर्षकातही ते नमूद केले आहे. पुढच्या पावसाळ्यात खड्ड्याच्या तळाशी मोहरीचे पाणी ओतून खोल गेलेली गांडुळे वर येतात का, हे पाहण्याचा विचार आहे. शेतकऱ्याच्या फडात फॉर्मॅलिन ओतणे मला मान्य नाही.

आता पहिल्या दोन मुद्द्यांचे सुधारित उत्तर खाली देते.

«पहिल्या समीक्षकांना: आपला आक्षेप आम्हाला मान्य आहे. पाचटाचा निर्णय फडाच्या पातळीवर होतो, म्हणून विश्लेषणाचे एकक आता फड आहे (प्रत्येक गटात 6). मूळ निबंधातील 60 ठोकळ्यांवर आधारलेली चाचणी आम्ही काढून टाकली आहे. फडांच्या सरासऱ्यांनुसार पाचट ठेवलेल्या फडांत चौरस मीटरला 88 गांडुळे अधिक आढळली (95 टक्के विश्वास-अंतराल 20 ते 156). पाच ठोकळ्यांचा उपयोग फडाची सरासरी अधिक नेमकी होण्यापुरता आहे, आणि फडातील विखुरणी नव्या आकृतीत दाखवली आहे.»

«दुसऱ्या समीक्षकांना: फड यादृच्छिक पद्धतीने निवडलेले नाहीत. 19 शेतकऱ्यांना विचारले, 12 तयार झाले, आणि नकार देणाऱ्या 7 पैकी 5 जण पाचट पेटवणारे होते. या भागात पाचट ठेवण्याचा निर्णय पाण्याच्या उपलब्धतेशी जोडलेला आहे, आणि आमच्या नमुन्यातही पाचटाचे 4 फड नदीकाठच्या खोल जमिनीत आहेत, तर पेटवलेले 2. मोजणीपूर्वी नोंदवलेला हा पट्टा हिशोबात घेतल्यावर फरक चौरस मीटरला 62 इतका कमी होतो (12 ते 112). तो आम्ही पाचटाशी निगडित फरक म्हणतो. तो पाचटामुळेच झाला, हे या रचनेतून सिद्ध होत नाही, आणि निबंधातील तशी चारही विधाने आम्ही बदलली आहेत.»

आकडेमोड

दुसऱ्या उत्तरातील शेवटचे वाक्य जसेच्या तसे राहू द्या. पहिल्या उत्तरात 88 आणि दुसऱ्यात 62 असे दोन आकडे आहेत. सारांशात कोणता जाणार?

खानापूरची_माती

62. मार्गदर्शकांचे मत 88 ठेवावा असे आहे, कारण पट्टा मूळ आराखड्यात नव्हता. मला मात्र काकांनी पाण्याचे कारण सांगितल्यावर 88 लिहिणे पटत नाही. उद्या त्यांच्याशी पुन्हा बोलणार आहे.

वेदगंगेचा_फड

मुली, राहिलेल्या तीन फडांतले दोन आमच्या बाजूचे असतील तर सांग. पाण्याचे तोंड कोठे आहे ते मी बघून कळवतो, पण उसात आता शिरता येणार नाही, तोडणी होईपर्यंत थांबावे लागेल.

खानापूरची_माती

काका, बांधावरूनच पाहिले तरी चालेल. फडांची नावे वेगळ्या निरोपात पाठवते, कारण मालकांची ओळख येथे उघड करणार नाही, असे मी त्यांना सांगितले आहे.